लाल आलं म्हणजे सेम जीन? यीस्टची कॉम्प्लिमेंटेशन टेस्ट करणाऱ्यांसाठी

जळगावला एमएस्सी प्रोजेक्टला मी बेकर्स यीस्टचे लाल म्युटंट घेतले होते, आता ज्युनियर विचारतात, भो, क्रॉस लाल आला म्हणजे दोन्ही म्युटेशन एकाच जीनमध्ये ना? थांबा, एवढ्यात नाही.

यीस्टमध्ये एड-१ किंवा एड-२ जीन बिघडला की अ‍ॅडेनिन बनायची साखळी मधेच अडते, तिथे साचलेल्या पदार्थापासून लाल रंग तयार होतो, आणि नुसती कॉलनी बघून कुठला जीन गेलाय ते कळत नाही. म्हणून दोन लाल स्ट्रेन क्रॉस करायच्या. जीन वेगळे असतील तर एकाचा चांगला जीन दुसऱ्याची कमी भरून काढतो आणि डिप्लॉइड पांढरा येतो, जीन एकच असेल तर दोन्ही कॉप्या खराब, म्हणून लालच राहतो.

घोळ इथेच होतो. मेटिंग झालंच नाही तरी प्लेटवर लालच दिसणार, कारण दोन्ही पालक लालच आहेत! म्हणून मार्करशिवाय क्रॉस लावूच नका. माझे म्युटंट अल्फा टाइपचे, हिस्टिडिन लागणारे, आणि टेस्टर स्ट्रेन, म्हणजे एड-१ गेलाय की एड-२ ते आधीच माहीत असलेल्या, ए टाइपच्या, ल्युसिन लागणाऱ्या. वायपीडीवर दोन्ही एकत्र कालवून ३० डिग्रीला चार-सहा तास ठेवायचं, मग हिस्टिडिन आणि ल्युसिन दोन्ही नसलेल्या प्लेटवर स्ट्रीक. तिथे फक्त डिप्लॉइडच वाढतो. अ‍ॅडेनिन मात्र घालायचं, पण थोडंच, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास, कारण जास्त झालं की लाल रंग उमटतच नाही आणि सगळं पांढरं बघून आपण फसतो. आणि मे महिन्यात आपल्याकडे साधा इन्क्युबेटर ३० वर येतच नाही, खोलीच त्याहून गरम असते, बीओडीच लागतो.

एक म्युटंट घ्या. एड-१ टेस्टरसोबत पांढरा, एड-२ सोबत लाल, दोन्ही प्लेटवर डिप्लॉइड वाढलेत, म्हणजे म्युटेशन एड-२ मध्ये. पण वाइल्ड टाइपसोबतचा क्रॉस पांढरा यायलाच हवा, तो लाल आला तर म्युटेशन रिसेसिव्ह नाही आणि ही टेस्ट त्याला लागूच होत नाही. पांढऱ्या रंगावरही एकदम विश्वास नको, पेटिट झालेल्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेल्या पेशी एड-२ बिघडलेला असूनही पांढऱ्या दिसतात, म्हणून अ‍ॅडेनिन नसलेल्या प्लेटवर वाढतात का ते बघाच.

कधी कधी डिप्लॉइड फिकट गुलाबी येतो आणि अ‍ॅडेनिनशिवाय कसाबसा वाढतो. एकाच जीनचे दोन वेगळे बिघाडसुद्धा असं थोडंफार सांभाळून घेतात. तेव्हा स्पोर काढून बघायचे: एड-१ आणि एड-२ वेगवेगळ्या क्रोमोसोमवर आहेत म्हणून त्यांच्या क्रॉसमध्ये साधारण चारातला एक स्पोर पांढरा मिळतो, जीन एकच असेल तर पांढरा जवळजवळ मिळतच नाही.