ऑफिसचा करार संपण्याआधी घरमालकाला मेल कसा लिहावा: गच्चीची गळती आणि भाडं, एकाच पत्रात

नागपुरात ऑफिसचा करार जुलैअखेर संपत असेल, तर मालकाला जुलैत मेल पाठवून उपयोग नाही. पावसाने एकदा सूर धरला की गच्चीचं काम कुणी हाती घेत नाही, आणि मालकाकडे "आता पाऊस आहे, दिवाळीनंतर पाहू ना जी" हे बिनतोड उत्तर तयार असतं. मेल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा, म्हणजे मे महिना कामाला मिळतो.

एक उदाहरण धरून चालू. धरमपेठेत सगळ्यात वरच्या मजल्यावर ६०० चौरस फूट कार्पेटचं ऑफिस आहे. तीन वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार ३१ जुलैला संपतो. भाडं २८,००० पासून सुरू झालं, दरवर्षी ५ टक्के वाढून आता ३०,८७० आहे. मालक नव्या कराराला १५ टक्के वाढ मागतो आहे, आणि मीटिंगच्या खोलीत छत गळतं.

आधी डाग नीट पाहा

मेल लिहायच्या आधी गळती कुठली आहे ते ठरवा. फक्त पावसात वाढणारा डाग बहुधा गच्चीचा. ऐन एप्रिलमध्येही तो ओला लागत असेल, तर वरच्या टाकीची पाइपलाइन किंवा तुमच्याच एसीची तुंबलेली नळी तपासा. एसीचं पाणी मालकाच्या यादीत घातलंत की बाकीच्या यादीवरही त्याचा विश्वास उरत नाही.

माझी एक सवय आहे, ती उपयोगी पडते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि शेजारी तारीख टाकायची. दोन पावसाळ्यांच्या दोन रेघा एका फोटोत आल्या की "जुनाच डाग आहे" म्हणायला जागा राहत नाही.

दुसरी हमखास तक्रार म्हणजे मे महिन्यात दुपारी मेन स्विच पडणं. इथे महावितरणच्या बिलावरचा "मंजूर भार" पाहा. तुमचे एसी, कूलर मिळून त्याहून जास्त होत असेल, तर तो वायरिंगचा दोष नाही, लोड वाढवून घ्यावा लागेल. मीटर मालकाच्या नावावर असेल तर अर्जाला त्याची सही लागते. म्हणजे मेलमध्ये "वायरिंग बदला" असं लिहिण्याऐवजी "लोडवाढीच्या अर्जावर सही द्या" असं लिहायचं. ही विनंती मालकाला बरीच स्वस्त पडते.

मग करार काढा आणि दुरुस्तीचं कलम वाचा. बहुतेक करारांत गच्ची, बाहेरच्या भिंती, भिंतीतले पाइप मालकाकडे, आणि नळ, ट्यूबलाइट, कुलपं तुमच्याकडे असतात. कलमाचा क्रमांक टिपून ठेवा.

भाड्याचा हिशेब कार्पेटवर

"आजूबाजूला ३८ चा रेट आहे" असं मालक म्हणतो तेव्हा तो कुठल्या फुटाचा, हे विचारा. सुपर बिल्टअप ९०० फुटांवर ३८ म्हणजे महिना ३४,२००. तेच ऑफिस कार्पेटने ५८५ फूट भरत असेल, तर खरा दर ५८ रुपयांच्या पुढे गेला. म्हणून सगळं कार्पेटवर आणायचं, आणि जीएसटी वगळून.

आपल्या उदाहरणात आजचा दर ५१ रुपये ४५ पैसे. १५ टक्के वाढीनंतर भाडं ३५,५०० होतं, म्हणजे ५९ रुपयांच्या वर. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचं ६४० फुटांचं ऑफिस ३४,००० ला गेलं असेल, तर तो दर ५३ पडतो, आणि तिथे गळती नाही. शेजारचं लिफ्ट-पार्किंगवालं ऑफिस ५८ च्या दराने गेलं असेल, तर तेही उदाहरण मेलमध्ये द्या. फक्त सोयीची उदाहरणं दिली की मालक एका फोनमध्ये उरलेली शोधून काढतो.

आणखी एक आकडा मालकाच्या लक्षात आलेला नसतो. तीन वर्षांतली वाढ धरली, तर ३५,५०० म्हणजे मूळ भाड्यावर जवळजवळ २७ टक्के होतात. हे वाद न घालता, नुसतं लिहायचं.

मेल

मालकाशी बोलता त्याच सुरात लिहा. तीन वर्षं "काका" म्हणत असाल, तर मेलमध्ये एकदम "महोदय" आलं की त्यांना वकिलाचा वास येतो.

> विषय: ऑफिसचा करार (मुदत ३१ जुलै): गच्चीची दुरुस्ती आणि नवं भाडं
>
> आदरणीय काका,
> सप्रेम नमस्कार.
>
> आपला करार ३१ जुलैला संपतो आहे. आम्हाला आणखी तीन वर्षं इथेच राहायचं आहे. त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात म्हणून लिहितो आहे.
>
> १. मीटिंगच्या खोलीचं छत गेले दोन पावसाळे गळतं आहे. तारखांसह फोटो जोडले आहेत. कराराच्या कलम ९ प्रमाणे गच्चीची दुरुस्ती आपल्याकडे आहे. काम ३१ मेपर्यंत व्हावं, आणि झाल्यावर गच्चीवर ४८ तास पाणी साठवून खालून आपण दोघांनी छत पाहावं, ही विनंती. तसंच लोडवाढीच्या अर्जावर आपली सही हवी आहे; अर्ज आम्ही भरून आणतो, खर्च आमचा.
>
> २. भाडं २८,००० वरून आज ३०,८७० झालं आहे. आपण सुचवलेले ३५,५०० मूळ भाड्याच्या २७ टक्के वर जातात. आसपासच्या तीन ऑफिसांचे कार्पेटप्रमाणे दर सोबत दिले आहेत. आम्ही १ ऑगस्टपासून ३२,४०० द्यायला तयार आहोत. गच्चीचं काम तोवर झालं नाही, तर ते पूर्ण होईपर्यंत आजचंच भाडं राहावं आणि त्यानंतरच्या महिन्यापासून वाढ लागू व्हावी.
>
> १५ दिवसांत कळवाल का? रविवारी सकाळी वेळ असेल तर येऊन गच्ची दाखवतो.
>
> आपला,

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य "तोवर आजचंच भाडं" हे आहे. भाडं थांबवण्याची धमकी त्यात नाही, पण दुरुस्ती लांबली तर खर्च मालकाच्या खिशातून जातो. ४८ तासांची पाण्याची परीक्षाही गाळू नका. नाही तर खालून पुट्टी आणि रंग मारून काम "झालं" म्हणतात, आणि जुलैत त्याच जागी रंगाचे पापुद्रे सुटतात.

कायद्याचा धाक घालावा का?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मध्ये भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून कापण्याची सोय आहे. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पण ती भाडेकरूसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवाला कायद्याने भाडेकरू नसतो, त्याला त्याचा करार हाच आधार. शिवाय करारात लिहिलं नसेल तर नूतनीकरणाचा हक्कही नसतो. त्यामुळे कलमं फेकून मुद्दा ताणू नका, मालक "मग जागा सोडा" म्हणून मोकळा होतो.

उत्तर आल्यावर

उत्तर बहुधा फोनवर येतं. जे ठरलं ते त्याच संध्याकाळी चार ओळींत मेल करा: "आज बोलल्याप्रमाणे ३३,०००, काम ३१ मेपर्यंत, बरोबर ना?" नव्या कराराच्या मसुद्यातही हे कलम आलं आहे का ते नोंदणीपूर्वी वाचा. टंकलेखक जुनाच मसुदा तारखा बदलून पुढे सरकवतो, आणि ठरलेलं तिथेच गळतं.

मालक "तूच करून घे, भाड्यातून वळतं कर" म्हणाला, तर आनंदाने मिस्त्री बोलावू नका. आधी कोटेशन पाठवा, रक्कम आणि किती महिन्यांत किती वळती होणार याला त्याचा लेखी होकार घ्या, आणि बिल कुणाच्या नावाने हवं तेही त्यालाच विचारा. हा होकार आल्याशिवाय विटांचा एकही तुकडा गच्चीवर चढवू नका.