भूगोलाचा घटक: आधी पुरावा ठरवा, उपक्रम मग

सराव पाठाला ‘नदी आणि पूर’ हा घटक मिळाला की कोल्हापुरात प्रत्येक छात्राध्यापकाच्या डोक्यात थर्माकोलची पंचगंगा वाहायला लागते. माझ्याही लागली होती. पण टाचणातला उपक्रमाचा रकाना आधी कोरा ठेवा. मुलांना काय कळायला हवं ते एका वाक्यात लिहा. माझं वाक्य असं होतं: गावात येणारा पूर फक्त त्या गावातल्या पावसावर ठरत नाही, वरच्या पाणलोटावर आणि उतारावरही ठरतो.

आता पुरावा. खरी मेख इथेच आहे. ‘२०१९ला पंचगंगेला पूर का आला?’ असा प्रश्न काढू नका. आपल्या पोरांना राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी तोंडपाठ असते. राधानगरीचे दरवाजे, अलमट्टीचा वाद, सगळं घरात ऐकलेलं. उत्तरं झकास येतात आणि आपल्याला वाटतं, समजलं! प्रत्यक्षात बातमी आठवलेली असते, भूगोल नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नाला दोन कसोट्या लावा. न समजताही हे उत्तर लिहिता येईल का? आणि समजलेलं मूल दुसऱ्याच कारणाने इथे अडेल का?

मी नदी काल्पनिक घेतली. समोच्च रेषांचा नकाशा, पश्चिमेला घाट, पूर्वेला सपाटी. घाटातल्या ‘अ’ गावी चार दिवसांचा पाऊस २८०, ३१०, २६० आणि ४० मिमी. खाली ‘क’ गावी १५, १०, २०, ५. प्रश्न एवढाच: चौथ्या दिवशी ‘क’ गावाने निर्धास्त व्हावं का? ज्या भागाचं पाणी ‘क’पर्यंत येतं तो नकाशावर रंगवा आणि कारण सांगा. ‘पाऊस थांबला, धोका टळला’ असं लिहिणारा ‘क’चाच पाऊस बघतोय. ‘घाटातलं पाणी अजून वाटेत आहे’ म्हणणाऱ्याला कळलंय. मोठी वाक्यं न जमणाऱ्याने बाण काढून दाखवलं तरी गुण द्या, आपण निबंध तपासत नाही.

हे ठरलं की उपक्रम आपोआप गळतात. थर्माकोल गेलं, कारण ते रंगवून पाणलोट ओळखता येत नाही. समोच्च रेषांवरून जलविभाजक आखण्याचा सराव आला, तोही दोन तासिका, कारण मुलं डोंगराच्या सोंडेच्या जागी दरी वाचतात. घाटावरची सहल मला फार आवडते, पण ती या वाक्याला काही देत नव्हती.

काही मार्गदर्शकांना साहित्य दिसलं नाही की पाठच झाला नाही असं वाटतं. त्यांच्यासाठी नकाशा मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा. सीनियरचं टाचण मात्र उतरवू नका, त्यात उपक्रम तयार असतात आणि प्रश्न त्यांना चिकटवलेले असतात.

पहिल्यांदा वेळ लागतो, घाबरू नका. हा प्रश्न घटक संपायच्या दोन तासिका आधीच द्या, म्हणजे ‘पाऊस थांबला’वाल्यांना पुन्हा नकाशाकडे नेता येतं.