सात ॲक्सेस पॉइंट, एकच चॅनल: रेंज फुल्ल असूनही वायफाय का अडखळत होतं

नेटवर्क सपोर्टच्या नोकरीत मला चारच महिने झाले होते, तेव्हाची गोष्ट. एका ऑफिसच्या एकाच मजल्यावर सहा ॲक्सेस पॉइंट होते आणि रोज दहाच्या मीटिंगला तक्रार ठरलेली: व्हिडिओ कॉल अडकतो, आवाज तुटतो. मी जाऊन फोन काढून पाहिला तर रेंज फुल्ल. तरी मला वाटलं, त्या मीटिंग रूममध्ये सिग्नल कुठेतरी कमी पडत असेल. मग मी दोन कामं केली. सगळ्या ॲक्सेस पॉइंटची पॉवर ‘हाय’ आहे ना, याची खात्री केली आणि मीटिंग रूमच्या बाहेर सातवा बसवला. जुन्या सहांपैकी एकाची बॅकअप फाइल त्यात टाकली, त्यामुळे सेटिंग करायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तक्रारी वाढल्या. आधी एका रूममधून फोन यायचा, आता पूर्ण मजल्यावरून.

आमच्या सीनियरनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “वायरवर पिंग बघितलास का?” नव्हता बघितला. लॅपटॉपला केबल लावून गेटवेला पिंग केला तर एक मिलिसेकंद, एकदम स्थिर. केबल काढून त्याच टेबलावर वायफायवरून केला तर कधी 3, कधी 90, मध्येच 400 आणि एखादा गायब. म्हणजे इंटरनेट लाइन, स्विच, फायरवॉल सगळं निर्दोष. भानगड हवेतच होती. नव्याने काम सुरू करणाऱ्याने ही तुलना सगळ्यात आधी करावी, कारण तिला दोन मिनिटं लागतात आणि निम्मी शोधाशोध वाचते.

मग ते म्हणाले, “आज रात्री सगळे गेले की थांब आणि हवा किती भरलेली आहे ते मोज.” मला हे विचित्रच वाटलं. माणसंच नाहीत तर मोजायचं काय? तरी थांबलो. लिनक्सच्या लॅपटॉपवर ही कमांड चालवली:

```
iw dev wlan0 survey dump
```

यातला चालू चॅनलचा भाग बघायचा. आकडे बहुधा वाढत जाणारे असतात, म्हणून दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा कमांड चालवून वजाबाकी करायची. (काही वायफाय कार्डांचे ड्रायव्हर हे आकडे देतच नाहीत, तेव्हा कंट्रोलरवर चॅनल युटिलायझेशन दिसतं, ते बघावं.) माझी वजाबाकी अशी आली:

```
frequency:            2437 MHz [in use]
channel active time:  10000 ms
channel busy time:    5610 ms
```

2437 मेगाहर्ट्झ म्हणजे चॅनल 6, आणि सातही ॲक्सेस पॉइंट त्यावरच होते. रिकाम्या ऑफिसात, एकही माणूस काम करत नसताना, चॅनल निम्म्याहून जास्त वेळ व्यग्र होता. मी आधी मीटरवरच शंका घेतली.

याचं कारण कळायला वायफायची एक सवय माहीत हवी. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. ॲक्सेस पॉइंट असो की फोन, पाठवण्याआधी तो ऐकतो. दुसऱ्या कुणाचं वायफाय कानावर पडलं तर गप्प बसतो आणि चॅनल मोकळा झाल्यावर थोडा थांबून पाठवतो. ऐकायचा उंबरठा फार खाली असतो: 20 मेगाहर्ट्झच्या चॅनलवर उणे 82 डीबीएमइतका क्षीण सिग्नलही ओळखता आला पाहिजे, असं मानकच सांगतं. इतक्या क्षीण सिग्नलवर कॉल धड चालत नाही, पण शेजाऱ्याला गप्प करायला तो पुरतो. म्हणजे माझे सात ॲक्सेस पॉइंट एकमेकांवर ओरडत नव्हते, ते एकमेकांसाठी थांबत होते. सात यंत्रं लावून मी एकाच यंत्राचा वेळ सात जणांत वाटला होता. वर दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली की टक्कर व्हायची आणि तेच पुन्हा पाठवावं लागायचं.

आता रात्रीच्या त्या गर्दीचा हिशेब. प्रत्येक ॲक्सेस पॉइंट ‘मी इथे आहे’ असं सांगणारा बीकन सेकंदाला साधारण दहा वेळा पाठवतो, तोही प्रत्येक नेटवर्क नावासाठी वेगळा. आमच्याकडे तीन नावं होती: कर्मचारी, पाहुणे आणि कुणीतरी कधीतरी चाचणीसाठी बनवून विसरलेलं तिसरं. सात गुणिले तीन म्हणजे एकवीस, म्हणजे सेकंदाला दोनशेच्या वर बीकन. बीकन सगळ्या उपकरणांना सक्तीच्या असलेल्या वेगांपैकी सगळ्यात कमी वेगाने जातो आणि तो वेग होता 1 एमबीपीएस. 300 बाइटच्या बीकनला त्या वेगाने सुमारे 2.6 मिलिसेकंद लागतात. गुणाकार केला की प्रत्येक सेकंदातले 530 मिलिसेकंद, म्हणजे 53 टक्के वेळ, नुसत्या हजेरीत गेला. माझ्या सातव्या यंत्राने त्यात साडेसात टक्क्यांची भर घातली होती. सकाळी दहाला चाळीस लॅपटॉप उरलेल्या जागेत घुसायचे.

पॉवर कमी करायची, हे आता मलाही सुचलं होतं. पण किती कमी केल्याने काय होतं, हे कागदावर मांडल्यावरच कळतं. आमचे ॲक्सेस पॉइंट 23 डीबीएमवर होते, म्हणजे 200 मिलिवॅट. दर 3 डीबीला निम्मं, म्हणून 14 डीबीएम म्हणजे 25. मोकळ्या ऑफिसात 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल 25 मीटरवर अंदाजे 80 डीबीने खाली येतो, मध्ये भिंती असतील तर आणखी. 14 मधून 80 गेले की उणे 66. म्हणजे पॉवर आठव्या हिश्श्यावर आणूनही दुसऱ्या टोकाचा ॲक्सेस पॉइंट स्पष्ट ऐकतोच. आणि मधोमध बसलेल्या माणसाच्या फोनची पॉवर आपल्या हातात नसतेच. त्याचं बोलणं दोन्हीकडे ऐकू जातं. तेव्हा एकाच चॅनलवरच्या सात जणांना नुसता आवाज खाली आणून वेगळं करता येत नाही, हे कागदावर दिसलं. चॅनलच वेगळे करायला हवेत.

2.4 मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. ‘मधला 3 किंवा 4 मोकळा दिसतोय’ म्हणून तो निवडायचा मोह होतो, तो टाळा. अर्धवट चढणारा शेजारी ओळखीचं वायफाय म्हणून कानावर पडत नाही, नुसता गोंगाट वाटतो. त्यामुळे थांबण्याची शिस्तही राहत नाही आणि पॅकेट बिघडतात. त्यापेक्षा एकाच चॅनलवरची रांग परवडली.

तीन चॅनल आणि सात यंत्रं. यावर सीनियरचं उत्तर मला पटायला वेळ लागला: चार ॲक्सेस पॉइंटचा 2.4 चा रेडिओ बंदच कर. पैसे मोजून घेतलेली वस्तू बंद करायची, हे जिवावर येतं. पण मजल्याच्या दोन टोकांना आणि मध्ये, असे तीनच 2.4 वर ठेवले, 1, 6, 11 वर, 14 डीबीएमने. सातही यंत्रांचा खरा भार 5 गिगाहर्ट्झवर टाकला, 17 डीबीएमने, म्हणजे जवळ बसलेल्या लॅपटॉपला 5 चाच सिग्नल बरा वाटावा.

इथे मी पुन्हा फसलो होतो, हे तेव्हाच उघड झालं. 5 गिगाहर्ट्झच्या यादीत चॅनल 36, 40, 44, 48 असे वेगवेगळे दिसत होते, म्हणून तिथे सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो होतो. पण रुंदी 80 मेगाहर्ट्झ होती आणि 36 ते 48 हे चारही मिळून 80 चा एकच पट्टा होतो. आकडे चार, रस्ता एक. रुंदी 20 वर आणल्यावर ते खरोखर चार झाले, आणि तिथल्या नियमांत चालणारे 149, 153, 157 धरून सातांना सात मिळाले. एकट्या लॅपटॉपची स्पीड टेस्ट यामुळे कमी दिसते, हे आधीच सांगून ठेवा. चाळीस जण एकदम बसतात तिथे तो आकडा बघून काही ठरवू नये.

पॉवर उतरवण्याचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी ॲक्सेस पॉइंट 23 डीबीएमने बोलत होते आणि फोन साधारण 14 ने. दूरच्या फोनला त्यांचं सगळं ऐकू यायचं, म्हणून रेंज फुल्ल. पण फोनचं उत्तर परत पोचताना धापा टाकायचं. पोच मिळाली नाही की पुन्हा पाठवा, वेग उतरवा, पुन्हा पाठवा. शिवाय लांबचा सिग्नल इतका चांगला दिसत असताना फोन जवळच्या ॲक्सेस पॉइंटकडे जाईल कशाला? आयफोन तर सध्याचा सिग्नल उणे 70 डीबीएमच्या खाली गेल्याशिवाय दुसरा शोधायला लागतच नाही. दारात जोडलेला माणूस टोकाच्या रूममध्ये जाऊन बसला तरी दारालाच चिकटलेला असायचा.

शेवटी विसरलेलं तिसरं नेटवर्क नाव काढलं आणि 2.4 वरचे 1, 2, 5.5 व 11 हे जुने वेग बंद करून किमान वेग 6 एमबीपीएस केला. तोच बीकन आता 0.4 मिलिसेकंदात जातो. त्या रात्री चॅनल 6 वर पुन्हा मोजलं: दहा सेकंदांत 640 मिलिसेकंद, त्यातलेही बरेचसे शेजारच्या मजल्याचे. वायफायवरचा पिंग 3 ते 8 मध्ये खेळत होता.

सकाळी दोन फोन आले. पहिला, “रेंज कमी केलीत का? दोनच दांड्या दिसतात.” कॉल लावून बघायला सांगितलं, लागला आणि टिकलाही. दुसरा फोन खरा होता: स्टोअर रूममधला लेबल प्रिंटर गायब. तो इतका जुना होता की त्याला 802.11b खेरीज काही कळत नव्हतं, आणि त्याचेच वेग मी बंद केले होते. त्या एका प्रिंटरसाठी सगळ्या मजल्याला पुन्हा 1 एमबीपीएसवर नेण्यापेक्षा मी त्याला केबल टाकली. जुने वेग बंद करण्याआधी कंट्रोलरच्या यादीत कोणतं उपकरण कुठल्या मानकावर जोडलंय, ते एकदा चाळा. माझ्यासारखं दुसऱ्या दिवशी कळायला नको.

दोन महिन्यांनी फर्मवेअर अपडेटनंतर तीच तक्रार परत आली. कंट्रोलरने पॉवर आपोआप ठरवायला घेतली होती आणि पाच ॲक्सेस पॉइंट पुन्हा 23 वर होते. ऑटो मी बंद केलं नाही, पण किमान 11 आणि कमाल 17 अशी हद्द घालून दिली, आणि अपडेटच्या रात्री तीच कमांड चालवून आकडा वहीत लिहायला लागलो.