वेबिनारला बाहेरचे पाहुणे बोलावताय? या चुका टाळा

निमंत्रण ऑफिसात तपासलं, लिंक क्लिक केली, उघडली, मेल पाठवला. आणि वेबिनारच्या दिवशी डीलर फोन करतो, "साहेब, आत घेतच नाहीये." असं होतं, कारण तपासणारा माणूस कंपनीच्या अकाउंटमध्ये लॉग-इन असतो आणि पाहुणा नसतो.

झूमवर बहुतेक वेळा गडबड लिंकच्या प्रकारात असते. नोंदणीच्या लिंकमध्ये `/webinar/register/` दिसतं, आणि निमंत्रणात हीच द्यायची. नोंदणीनंतर प्रत्येकाला मेलवर येणाऱ्या लिंकमध्ये `/w/` आणि `tk=` असतं. ती त्या एकाच माणसाची. स्वतःला आलेली ही लिंक शंभर जणांना पुढे ढकलली, तर कोण आलं ते कळत नाही, सगळ्यांना आत जाता येईल याचीही खात्री नाही. वक्त्यांची पॅनेलिस्ट लिंक तर चुकूनही बाहेर जाऊ देऊ नका, तिच्यातून येणाऱ्याला माईक आणि कॅमेरा मिळतो.

लिंक बरोबर असूनही पाहुणा अडकला, तर सेटिंगमध्ये `Require authentication to join` सुरू आहे का बघा. तिथे फक्त कंपनीच्या डोमेनला परवानगी असेल, तर बाहेरचा कोणीच आत येणार नाही. तपासायचं असेल तर ऑफिसचं वायफाय सोडून मोबाइल डेटावर, इनकॉग्निटो विंडोमध्ये लिंक उघडा आणि खासगी ईमेलने नोंदणी करून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, ते आदल्या दिवशीच करा.

दुसरी चूक तारखेची. समजा पुण्याच्या एका पंप कंपनीने दुबई आणि न्यू जर्सीच्या डीलरांना "12/03, सायं. 6:30" असं लिहिलं. अमेरिकेतला माणूस ते 3 डिसेंबर वाचेल. शिवाय 8 मार्च 2026 ला तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, त्यामुळे आधीच्या आठवड्यातला हिशेब चुकतो. म्हणून असं लिहा:

गुरुवार, 12 मार्च 2026
भारत: सायं. 6:30 ते 7:30
दुबई: सायं. 5:00
न्यू जर्सी: सकाळी 9:00
नोंदणी: (लिंक)
भाषा: मराठी व इंग्रजी; प्रश्नोत्तरे शेवटची 15 मिनिटे
अडचण आल्यास: (नाव, मोबाइल)

हे सगळं मेलच्या मजकुरातच हवं. सुंदर पोस्टर जरूर जोडा, पण चित्रातली लिंक दाबता येत नाही. कॅलेंडरची `.ics` फाइलही द्या, ती पाहुण्याच्या देशाची वेळ आपोआप दाखवते.

मेल पाठवताना सगळे पत्ते `Bcc` मध्ये टाका. एका डीलरला बाकीच्यांची यादी दिसली, तर ती प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. आणि "अडचण आल्यास" पुढे ज्याचा नंबर दिलाय, त्याला त्या तासाभरात दुसरं कुठलंही काम देऊ नका, वेबिनार चालवायचं तर नाहीच.