क्लाससाठी हॉलचे आठवड्याचे दोन वार कसे मागावेत: भाडं, अनामत आणि लग्नाच्या तारखा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे क्लाससाठी मिळणारा हॉल बहुतेक वेळा देवस्थानचा असतो नाहीतर एखाद्या ज्ञातिसंस्थेचा. अशा हॉलची कमाई लग्न-मुंजींवर चालते. त्यामुळे दर आठवड्याचा वार मागायला कुणी आलं की व्यवस्थापकाच्या मनात पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. 'वर्षभराचा बुधवार यांना दिला आणि बुधवारीच मुहूर्त निघाला तर?' हा असतो. त्याचं उत्तर तुम्ही आधीच देऊन टाकलं, तर पुढचं बोलणं निम्म्याने सोपं होतं.

उदाहरण म्हणून वीस मुलींचा भरतनाट्यमचा क्लास धरू, बुधवार आणि शुक्रवार, संध्याकाळी ५.३० ते ७. समजा हॉलचं लग्नाचं दिवसभाडं १५,००० रुपये आहे आणि क्लासकडून एका वेळेचे ५०० मिळणार आहेत. म्हणजे एक लग्न हुकलं तर तुमच्या तीस वेळांचं, जवळजवळ चार महिन्यांचं भाडं गेलं. हा हिशेब व्यवस्थापकाला तोंडपाठ असतो. म्हणून 'आमचा वार पक्का करून द्या' असा हट्ट धरलात की नकारच येतो, किंवा त्याहून वाईट, तोंडी होकार येतो आणि वैशाखात सगळं मोडतं.

विचारायला जावं ते ज्येष्ठ-आषाढात. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मास. गौणकालाचे मुहूर्त पंचांगात असतात, पण त्यांना मागणी कमी, आणि पावसात हॉल रिकामाच असतो. शाळाही जूनच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा क्लासलाही हीच वेळ बरी. जाण्याआधी पंचांग उघडून तुळशीच्या लग्नांनंतरचे मुहूर्त बघा आणि त्यातले तुमच्या दोन वारांना येणारे दिवस कागदावर उतरवा. मुहूर्ताचा आदला दिवसही धरा, कारण मांडववाला आणि आचारी आदल्या दुपारीच येतात. गुरुवारच्या लग्नात तुमचा बुधवार जातो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. गणपतीचा आठवडा, शिमगा आणि संपूर्ण मे महिना स्वतःहून सोडून द्या. तेव्हा मुली येत नाहीत, आणि देवस्थानच्या हॉलवर पालखीच्या दिवसांत आपला हक्क सांगण्यात अर्थ नसतो.

भेटायला संध्याकाळी, क्लासच्याच वेळेला जा. त्या वेळी शेजारच्या देवळात आरती-भजन असेल तर घुंगरांचा आवाज चालणार का, हे तिथेच कळतं. फरशीवर अनवाणी चालून बघा. पावसाळी दमट हवेत गुळगुळीत फरशीला ओल सुटते आणि अडवू करताना पाय घसरतो. खिडक्या उघडून पंखे लावल्यावर दहा मिनिटांत फरशी सुकते का, ते पाहा. सुकत नसेल तर हा हॉल जुलैत नाचासाठी उपयोगाचा नाही, भाडं कितीही कमी असो.

मग बोलणं काढावं ते असं: 'काका, लग्नाची तारीख आली तर आम्ही हॉल सोडू. फक्त आठ दिवस आधी कळवा, आणि त्या वेळेचं भाडं धरू नका.' एवढं ऐकल्यावर समोरची वही उघडते. नोंदवहीत तुमच्या वारांपुढे आधीच काय लिहिलंय ते तिथल्या तिथे बघून घ्या.

भाड्याचा दर विचारताना एकक आधी ठरवा: तासाला, वेळेला की महिन्याला. महिन्याचे ठोक ४,००० सांगितले, तर आठ वेळांच्या महिन्यात ते ५०० प्रमाणेच पडतात. पण दोन वेळा लग्नात गेल्या, तर सहा वेळांचे तेच ४,०००, म्हणजे वेळेला सुमारे ६६७. उलट ज्या महिन्यात पाच बुधवार येतात तिथे ठोक दर तुमच्या फायद्याचा. लग्नसराईच्या महिन्यांत वेळेप्रमाणे भाडं आणि पावसाळ्यात ठोक, असं मागून बघायला हरकत नाही. नाहीच मानलं तर वर्षभर वेळेप्रमाणेच घ्यावं.

क्लास दीड तासाचा असला तरी सतरंज्या उचलणं, झाडणं आणि मुलींनी घुंगरू बांधणं यात पुढेमागे पंधरा-पंधरा मिनिटं जातात. मागणी ५.१५ ते ७.१५ अशीच करा. नाहीतर सातला कुलूप लावायला आलेला माणूस रोज कुरकुरतो आणि महिन्याभरात 'जादा तासा'ची पावती येते. वीज भाड्यात धरली आहे की मीटर बघून, झाडलोटीचे पैसे वेगळे का, लाइट गेल्यावर जनरेटर लावला तर खर्च कुणाचा, हे तीन प्रश्न त्याच बैठकीत विचारून घ्या. जीएसटी सांगितला तर पावतीवर संस्थेचा जीएसटी क्रमांक असला पाहिजे. नोंदणी नसलेल्या संस्थेला तो आकारता येत नाही.

खरी गडबड होते ती अनामतीत. हॉलच्या छापील नियमांत अनामत लग्नासाठी लिहिलेली असते, समजा १०,०००. ती भांडी, मंडप आणि पाचशे माणसांच्या वावराच्या हिशेबाने ठरलेली. क्लासला एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे इथे ४,०००, आणि वर्षभरासाठी एकदाच, अशी मागावी. प्रत्येक महिन्याला भरायची आणि परत घ्यायची पद्धत मान्य करू नका. पैसे अडकून राहतात.

पावती हातात आली की तिथेच वाचा. संस्थेच्या टेबलावर बऱ्याचदा देणगीचं पावतीपुस्तक जवळ असतं आणि अनामत त्यातच फाडून दिली जाते. 'देणगी' किंवा 'इमारत निधी' लिहिलेली रक्कम परत मागायला जागा राहत नाही. 'परत करण्याची अनामत' असे शब्द, पावती क्रमांक आणि सही हवी. पैसे व्यवस्थापकाच्या स्वतःच्या यूपीआयवर न पाठवता संस्थेच्या खात्यात भरा. कोणत्या नुकसानीपोटी रक्कम कापणार आणि सोडल्यावर किती दिवसांत परत देणार, हेही लिहून घ्या. पहिल्याच दिवशी भिंती, स्विचबोर्ड आणि आरशाचे फोटो काढून व्यवस्थापकाला पाठवून ठेवा. पावसात भिंतीला आलेला ओलीचा डाग मार्चमध्ये तुमच्या नावावर लागू नये म्हणून.

आणखी एक. व्यवस्थापक 'हो' म्हणाला तरी निर्णय कार्यकारिणीचा असतो. तिची बैठक कधी आहे ते विचारून अर्ज आधी द्या, पोच घ्या. अर्ज एका पानाचा पुरे:

> मा. सचिव यांस,
> आपल्या सभागृहात दर बुधवारी व शुक्रवारी सायं. ५.१५ ते ७.१५ या वेळेत नृत्यवर्गासाठी (२० विद्यार्थिनी) जागा मिळावी, ही विनंती. कालावधी १ जुलै ते ३० एप्रिल. गणेशोत्सव व शिमग्यात वर्ग बंद राहील. लग्नकार्याची नोंदणी झाल्यास आठ दिवस आधी कळवावे, आम्ही सभागृह मोकळे ठेवू. त्या वेळेचे भाडे आकारू नये. भाडे प्रत्येक वेळेस रु. ५००, वीज व झाडलोट धरून. परत करण्याची अनामत रु. ४,०००, एकदाच. मंजुरीच्या ठरावाचा क्रमांक कळवावा.

ठरावाचा क्रमांक मागण्याचं कारण साधं आहे. वार्षिक सभेत कार्यकारिणी बदलते, आणि नव्या खजिनदाराला तुमचे चार हजार कुठल्या वहीत आहेत हे ठाऊक नसतं. ठराव आणि पावती दोन्ही असली की त्याला इतिवृत्त उघडून बघता येतं. सोडायचं ठरलं तर एक महिना आधी लेखी कळवा आणि शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं करून घ्या असं सुचवा. परत मिळवण्यापेक्षा ते लवकर जमतं.