जिम बंद, हप्ता चालू: पैसे थांबवायची तयारी

कोथरूडची आमची जिम मार्चमध्ये बंद पडली, तरी ५ एप्रिल आणि ५ मेला खात्यातून दीड-दीड हजार गेलेच. कुणावर ही वेळ आली, तर तयारी अशी करा.

सर्वात आधी बंद शटरचा फोटो काढा. ‘नूतनीकरणासाठी काही दिवस बंद’ असा कागद चिकटवलेला असेल, तर तो वाचता येईल इतक्या जवळून काढा. मी हेच केलं नव्हतं. महिन्याभरात तिथे दुसऱ्या दुकानाची पाटी लागली आणि जिम नेमकी कधी बंद झाली हे दाखवायला हातात काही उरलं नाही. ग्रुपवरचे मेसेजही आजच जपून ठेवा, कारण ग्रुप कधीही गायब होतो.

मग ऑटोपे रद्द. जिमचं अ‍ॅप काढून टाकून काही होत नाही, मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायला तुम्ही दिलेली मंजुरी, तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये असतं. ऑटोपेच्या यादीत जाऊन पिन टाकून ते रद्द करा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ५ तारखेचा हप्ता असेल तर ती सूचना येईपर्यंत थांबू नका. खातं रिकामं ठेवायची युक्ती तर अजिबात नको, काही बँका हप्ता परत गेल्याचाही दंड लावतात. आणि फी कर्जाच्या हप्त्यांवर भरली असेल, तर कर्ज देणाऱ्या कंपनीला आधी लेखी कळवा. नुसता हप्ता थांबवला तर सिबिल बिघडतो.

रद्द केल्याने पुढचे पैसे वाचतात, गेलेले परत येत नाहीत. त्यासाठी एप्रिल आणि मे, दोन्ही व्यवहारांवर बँकेकडे वेगवेगळी तक्रार करा. कारण निवडताना इथेच घोटाळा होतो. ‘मी हा व्यवहार केलाच नाही’ असं लिहिलंत, तर बँक तुमचीच मंजुरी पुढे करते आणि तक्रार बंद करते. ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही’ हे कारण द्या. सोबत तो फोटो जोडा. होय, पुन्हा तोच, शटरचा, तारखेसकट. सेवा कधीपासून मिळाली नाही, हे त्याशिवाय सिद्ध कसं करणार?

शाखेत जाऊन तोंडी सांगितलेलं मोजलं जात नाही. तक्रार क्रमांक घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण तिथे दाद बँकेविरुद्ध मिळते, जिमविरुद्ध नाही. जिमसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करा. तेही फसलं तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पावत्या, स्टेटमेंट वगैरे लागतीलच.

फोटो काढला का?