बेरजेच्या सेलने स्वतःलाच मोजलं तर? सर्क्युलर रेफरन्सच्या या चुका टाळा

कॉलम B मध्ये B2 पासून B9 पर्यंत आठ रकमा आहेत: १२००, ८५०, २३००, ६४०, १७५०, ४००, ९८० आणि १३८०. खाली B10 मध्ये एकूण हवी. आपण `=SUM(` टाइप करतो, माउसने B2 पासून खाली ओढत जातो आणि घाईत एक सेल जास्त निवडला जातो. एंटर दाबल्यावर सेलमध्ये पुढचा फॉर्म्युला बसतो.

```
=SUM(B2:B10)
```

एक्सेल लगेच एक खिडकी उघडून सांगतं की इथे सर्क्युलर रेफरन्स आहे. `OK` दाबलं की B10 मध्ये ९५०० ऐवजी ० दिसतो.

झालंय ते साधं आहे. B10 ची किंमत काढायला B2 ते B10 या सगळ्यांची बेरीज हवी, म्हणजे त्यात B10 ची किंमतही हवी आणि तीच तर अजून काढायची आहे. एक्सेल हे गणित सोडून देतं आणि ० दाखवतं. काही वेळा ० ऐवजी आधी काढलेला जुना आकडा तसाच राहतो. हे जास्त फसवं आहे, कारण आकडा ओळखीचा वाटतो आणि कुणाला शंका येत नाही.

दुरुस्ती एका ओळीची आहे. B10 वर जाऊन `F2` दाबा. फॉर्म्युल्यातल्या रेंजभोवती रंगीत चौकट येते आणि ती B10 लाही वेढून बसलेली स्पष्ट दिसते. चौकटीचा खालचा कोपरा पकडून एक ओळ वर ओढा, किंवा थेट 10 चं 9 करा.

```
=SUM(B2:B9)
```

एंटर दाबा, ९५०० येईल. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. खरी गडबड होते ती हा संदेश न वाचता बंद केल्यावर, किंवा चुकीच्या मार्गाने घालवल्यावर.

संदेश एकदाच येतो, चूक मात्र पाच ठिकाणी असते

समजा B ते F असे पाच महिन्यांचे पाच कॉलम आहेत. B10 मध्ये चुकीचा फॉर्म्युला लिहिला, `OK` दाबून खिडकी घालवली आणि तोच फॉर्म्युला उजवीकडे F10 पर्यंत ओढला. आता पाचही बेरजा स्वतःला मोजतायत, पण एक्सेल पुन्हा पुन्हा खिडकी उघडत बसत नाही. एक सर्क्युलर रेफरन्स उघड्या फाइलमध्ये आधीच असेल तर पुढच्यांसाठी बहुतेक वेळा इशारा येतच नाही.

अशा वेळी खिडकीच्या तळाच्या स्टेटस बारकडे बघा. तिथे `Circular References` आणि त्यापुढे एका सेलचा पत्ता दिसतो. एकाचाच, पाचांचा नाही. तो सेल दुरुस्त केला की दुसऱ्याचा पत्ता येतो, मग तिसऱ्याचा. म्हणून एक सेल नीट केल्यावर काम संपलं असं समजू नका. स्टेटस बारवरून ते शब्द पूर्ण नाहीसे झाले पाहिजेत. वरच्या उदाहरणात सोपा उपाय असा, की B10 दुरुस्त करा आणि तोच बरोबर फॉर्म्युला पुन्हा F10 पर्यंत ओढा.

स्टेटस बारवर नुसतंच `Circular References` लिहिलेलं असेल आणि पत्ता नसेल, तर चूक तुमच्या समोरच्या शीटवर नाही. दुसऱ्या शीटवर आहे, किंवा त्याच वेळी उघड्या असलेल्या दुसऱ्या फाइलमध्ये. शीट एकेक करून बघत बसण्यापेक्षा `Formulas` टॅबवर जा, `Error Checking` शेजारचा छोटा बाण दाबा आणि `Circular References` वर माउस न्या. तिथे दिसणाऱ्या पत्त्यावर क्लिक केलं की कर्सर थेट त्या सेलवर जातो.

`Enable iterative calculation` वर टिक करून मोकळं होणं

संदेश घालवायला ही टिक करा, या एका सल्ल्याने जेवढं नुकसान होतं तेवढं मूळ चुकीने होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. `File > Options > Formulas` मध्ये हा पर्याय आहे. त्यावर टिक केली की संदेश येणं बंद होतं आणि सेलमध्ये ० ऐवजी आकडा दिसायला लागतो. त्यामुळे दुरुस्ती झाली असं वाटतं. आकडा मात्र चुकीचा असतो, आणि थोडाथोडका नाही.

आपल्याच उदाहरणात काय होतं ते बघू. `=SUM(B2:B10)` तसाच ठेवून टिक केली. या पर्यायात एक्सेल तेच गणित ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा करतं. मूळ सेटिंग १०० वेळांचं असतं. पहिल्या फेरीत B10 शून्य धरून उत्तर येतं ९५००. दुसऱ्या फेरीत आठ रकमांचे ९५०० आणि B10 मधले आधीचे ९५०० मिळून १९,०००. तिसऱ्या फेरीत २८,५००. शंभर फेऱ्या संपतात तेव्हा B10 मध्ये ९,५०,००० असतात. मग `F9` दाबा, किंवा कुठलीतरी रक्कम बदला, की आणखी शंभर फेऱ्या होतात आणि आकडा १९ लाखांच्या घरात जातो.

फेऱ्या वाढवून काही सुधारत नाही. हा पर्याय अशा गणितांसाठी आहे जिथे प्रत्येक फेरीत उत्तर एका आकड्याच्या जवळ जवळ सरकत जातं आणि शेवटी स्थिरावतं. स्वतःला मिळवत जाणारी बेरीज कधीच स्थिरावत नाही. आपल्या शीटमध्ये या पर्यायाची गरज नसेल तर ती टिक काढून टाका.

आणि ही टिक तुम्ही केली नसली तरी लागू झालेली असू शकते! एक्सेल सुरू केल्यावर जी फाइल सगळ्यात आधी उघडते तिच्यातलं हे सेटिंग नंतर उघडणाऱ्या फाइलींनाही लागू होतं. कुणीतरी पाठवलेली, टिक असलेली फाइल सकाळी आधी उघडली, की त्यानंतर तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये चूक झाली तरी इशारा येणार नाही. एकाच फाइलमध्ये काल संदेश येत होता आणि आज येत नाही, असा अनुभव आला तर आधी हे तपासा.

संशय आला तर दोन गोष्टी करून बघा. माउसने फक्त रकमांचे सेल, म्हणजे B2 ते B9, निवडा. स्टेटस बारवर `Sum` पुढे जो आकडा येतो तो तुमच्या एकूणशी जुळला पाहिजे. दुसरं, डेटाला हात न लावता `F9` दोनतीनदा दाबा. दर वेळी एकूण वाढत असेल तर ती बेरीज स्वतःलाच मिळवतेय.

बेरीज हाताने टाइप करणं

संदेश जावा म्हणून काही जण कॅल्क्युलेटरवर बेरीज करून B10 मध्ये सरळ 9500 लिहितात. संदेश जातो. पुढच्या आठवड्यात B4 मधली रक्कम बदलते, एकूण मात्र ९५०० च राहते. शून्य निदान डोळ्यात तरी खुपतो.

पूर्ण कॉलम निवडणं

`=SUM(B:B)` हा फॉर्म्युला दुसऱ्या कुठल्याही कॉलममध्ये उत्तम चालतो. D1 मध्ये लिहा, काही अडचण नाही. तोच B कॉलममधल्या कुठल्याही सेलमध्ये लिहिला की सर्क्युलर रेफरन्स होणारच, कारण तो सेलही B कॉलममध्येच आहे.

`SUMIF` मध्ये हीच चूक ओळखायला वेळ लागतो. समजा A कॉलममध्ये प्रकार लिहिलेत आणि B12 मध्ये फक्त प्रवासाच्या रकमांची बेरीज हवी.

```
=SUMIF(A:A,"प्रवास",B:B)
```

A12 मध्ये "प्रवास" लिहिलेलं नाही, मग B12 मोजला जाणारच नाही, असा आपला युक्तिवाद असतो. एक्सेल अट बघण्याआधी रेंज बघतं. रेंजमध्ये B12 आहे एवढंच त्याला पुरतं. इथे `A2:A11` आणि `B2:B11` अशी मर्यादित रेंज द्या, किंवा फॉर्म्युला दुसऱ्या कॉलममध्ये हलवा.

नवीन ओळ घातल्यावर रेंज अंदाजाने वाढवणं

ही चूक पुन्हा पुन्हा का होते याचं मूळ बहुतेकदा इथे असतं. B10 मध्ये `=SUM(B2:B9)` बरोबर आहे. बेरजेच्या लगेच वर एक नवीन ओळ घातली. बेरीज B11 मध्ये सरकली, नवीन रक्कम B10 मध्ये आली, पण फॉर्म्युला अजून B9 पर्यंतच मोजतोय. एक्सेल काही वेळा रेंज स्वतःहून वाढवतं, काही वेळा नाही. मग आपण हाताने वाढवायला जातो आणि 10 च्या जागी 11 लिहून बसतो.

यावर मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे रकमा आणि बेरीज यांच्या मध्ये एक रिकामी ओळ ठेवणं आणि ती ओळ रेंजमध्ये धरणं. रकमा B2 ते B9, B10 रिकामा, आणि B11 मध्ये `=SUM(B2:B10)`. सुरुवातीला चुकीचा ठरलेला तोच फॉर्म्युला इथे बरोबर आहे, कारण तो आता B11 मध्ये बसलाय. रिकाम्या सेलमुळे बेरीज बदलत नाही. नवीन ओळ नेहमी त्या रिकाम्या ओळीच्या वर घालायची. ती रेंजच्या आत पडते, म्हणून रेंज आपोआप वाढते आणि हाताने काही बदलावं लागत नाही. रिकाम्या ओळीची उंची कमी करून तिला हलका राखाडी रंग दिला, तर तिथे चुकून कुणी काही लिहीत नाही.

यादी सतत वाढणारी असेल तर `Ctrl+T` दाबून तिचं टेबल करा आणि `Table Design` मध्ये `Total Row` वर टिक करा. त्या ओळीतला फॉर्म्युला रेंजऐवजी कॉलमच्या नावावर चालतो आणि त्या नावात फक्त डेटाच्या ओळी येतात, बेरजेची ओळ येत नाही.

गूगल शीट्समध्ये याच चुकीला सेलमध्ये `#REF!` दिसतं, आणि त्यावर माउस नेला की `Circular dependency detected` असं कारण वाचता येतं. लिब्रेऑफिसमध्ये `Err:522` येतं. दोन्हीकडे उपाय तोच: बेरजेचा सेल रेंजमधून बाहेर काढायचा. `#REF!` दिसलं म्हणून डिलीट झालेली ओळ शोधत बसू नका, आधी माउस नेऊन संदेश वाचा. गूगल शीट्समध्ये ही एकच खूण एकापेक्षा जास्त चुकांसाठी येते.